जागा खाली करण्याची नोटीस आली आहे: पंधरा दिवस कशाचे, नव्वद दिवस कशाचे

पुणे, २० जून २०२५

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार.

मंगळवारी तुम्ही ऑफिसात ठेवून गेलात ती नोटीस मी दोनदा वाचली आणि वकीलसाहेबांसमोर ठेवली. त्यांनी जे सांगितलं ते सोप्या शब्दांत लिहून पाठवते आहे. मी वकील नाही, पॅरालीगल आहे, म्हणजे कागद लावणं, तारखा मोजणं, मसुदा तयार करणं ही माझी कामं. हे पत्र साहेबांनी वाचून मगच पाठवलंय, त्यामुळे शंका न ठेवता वाचा. घाईत वाचू नका आणि वाचून झाल्यावर सुनबाईंनाही वाचायला द्या. त्यांना का, ते पुढे कळेल.

आधी तुमच्या मनातला प्रश्न. नोटीस म्हणते, ‘पंधरा दिवसांत थकबाकी भरून जागेचा शांततापूर्ण ताबा द्यावा’. सोळाव्या दिवशी तुम्हाला कोणी बाहेर काढू शकतं का? नाही. नोटीस हा कोर्टाचा हुकूम नव्हे, मालकाच्या वकिलाने मालकाच्या वतीने लिहिलेलं ते पत्र आहे. ताबा घ्यायचा तर मालकाला स्मॉल कॉज कोर्टात दावा लावावा लागेल, तो सिद्ध करावा लागेल आणि हुकूमनामा मिळवावा लागेल. त्याआधी कुलूप बदलणं, नळ तोडणं, वीज बंद करणं यातलं काहीही करायचा अधिकार त्यांना नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये पाणी-विजेसारख्या आवश्यक सोयी तोडायला स्पष्ट मनाई आहे. असं काही झालंच तर भांडत बसू नका. फोटो काढा आणि त्याच दिवशी ऑफिसला फोन करा, कारण त्यासाठी कोर्टाकडे वेगळा अर्ज करता येतो.

पण ‘नुसती नोटीसच तर आहे’ म्हणून ती फडताळात ठेवून देणं हे त्याहून धोक्याचं. तुमच्या नोटिशीने एक घड्याळ सुरू झालेलं आहे. नोटिशीत ठळक अक्षरांत छापलेले पंधरा दिवस त्याचे नाहीत. ते घड्याळ नव्वद दिवसांचं आहे आणि नोटिशीत त्याचा उल्लेख अगदी शेवटच्या परिच्छेदात, एका लांबलचक वाक्याच्या पोटात आला आहे. तुमच्यासाठी खरी तारीख तीच.

तुमचं घर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ खाली येतं. सासऱ्यांच्या काळापासूनची भाडेवहिवाट, दरमहा पाचशे रुपये, पावत्या आधी सासऱ्यांच्या आणि मग काकांच्या नावाच्या. काका गेल्यावर पावती तुमच्या नावावर झाली नाही याची तुम्हाला भीती वाटते आहे. त्याचं फार घेऊ नका. भाडेकरू वारला तेव्हा त्याच्याबरोबर त्या घरात राहणाऱ्या कुटुंबीयाला कायद्याने भाडेकरूच धरलेलं आहे. शिवाय नोटिशीच्या पहिल्याच परिच्छेदात मालकाच्या वकिलांनी तुम्हाला ‘सदर मिळकतीतील भाडेकरू’ म्हटलं आहे. हे वाक्य आपल्या कामाचं आहे. उत्तरात ते आपण जसंच्या तसं उचलणार.

या कायद्याच्या कलम १५ चा गाभा असा आहे: भाडेकरू भाडं देतो आहे, किंवा द्यायला तयार आणि राजी आहे, आणि भाडेवहिवाटीच्या बाकी अटी पाळतो आहे, तोवर मालकाला ताबा मागता येत नाही. भाडं थकलं म्हणून ताबा हवा असेल तर मालकाने आधी थकबाकीची लेखी मागणी करायची, ती भाडेकरूला रीतसर पोचवायची आणि पोचल्यापासून नव्वद दिवस थांबायचं. त्या नव्वद दिवसांत भाडेकरूने बाकी चुकती केली की थकबाकीच्या कारणावर दावा लावायला जागा उरत नाही. नव्वद दिवस संपण्याआधी दावा लावला तर तो मुदतीआधीचा म्हणून त्याच मुद्द्यावर अडतो. म्हणजे ही मुदत मालकाला थांबवणारी आहे आणि तुम्हाला संधी देणारीही.

मग हे पंधरा दिवस आले कुठून? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ मधून. महिन्याच्या भाडेवहिवाटीचा शेवट करायचा तर पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, असं ते १८८२ सालचं कलम सांगतं, आणि वकील मंडळी सवयीने ते प्रत्येक नोटिशीत घालतात. जिथे भाडे नियंत्रण कायदा लागू आहे तिथे ताबा त्या कायद्यातल्या कारणांवरच मिळतो, कलम १०६ ची नुसती नोटीस देऊन नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी १९७९ साली तर असं ठरवलं की, भाडे कायद्याखालच्या दाव्यासाठी भाडेवहिवाट संपवणारी ही नोटीस मुळात लागतच नाही. तेव्हा पंधरा दिवसांत घर सोडायचं नाही. आपण फक्त एकाच गोष्टीसाठी त्या मुदतीचा मान ठेवतो, ती म्हणजे उत्तर.

आता नोटीस कधी पोचली, ते. यात तुमची मोजणी चुकते आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. नोटिशीवर तारीख आहे ६ जून. लखोटा रजिस्टर पोस्टाने घरी आला १२ जूनला, गुरुवारी, आणि पोचपावतीवर सही केली सुनबाईंनी. तुम्ही साताऱ्याहून परत आलात १६ तारखेला आणि तेव्हा तुमच्या हातात नोटीस पडली. तुम्ही १६ पासून मोजता आहात. मोजायचं १२ पासून. पोस्टाने पाठवलेली नोटीस चालते, आणि हातोहात द्यायची तर ती राहत्या घरी कुटुंबातल्या माणसाकडे किंवा नोकराकडे दिलेलीही चालते, असं कलम १०६ मध्येच आहे. ते शक्य नसेल तर जागेवर ठळक दिसेल अशी चिकटवूनही बजावता येते. पोस्टमनला परत पाठवल्याने काही वाचत नाही. ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडला तरी बजावणी झाली असंच कोर्ट सहसा धरतं, वर आत काय लिहिलंय ते मात्र आपल्याला कळत नाही. सुनबाईंनी सही करून लखोटा घेतला हे उत्तम केलं. त्यांना बोलू नका.

१२ जून सोडून १३ पासून मोजलं तर नव्वदावा दिवस येतो १० सप्टेंबर २०२५, बुधवार. ‘तीन महिने’ धरले असते तर १२ सप्टेंबर आला असता, आणि तुमच्या १६ तारखेपासून धरलं असतं तर १४ सप्टेंबर. कायद्यात महिने नाहीत, दिवस आहेत. उलट मालकाने ८ जूनला तुमच्या मुलाच्या व्हॉट्सॲपवर याच नोटिशीचा फोटो पाठवला होता आणि उद्या ते त्या तारखेवर बोट ठेवतील. नोटीस बजावायच्या ज्या रीती कलम १०६ मध्ये आहेत, त्यांत व्हॉट्सॲप नाही. पण असले वाद घालायची वेळच का येऊ द्यायची? नोटिशीवरच्या ६ जूनपासून मोजलं तरी ४ सप्टेंबर येतो. आपण त्याच्याही दोन महिने आधी, याच महिन्यात पैसे पोचवायचे. म्हणजे कोणीही कुठूनही मोजलं तरी आपण मुदतीत.

किती पैसे, हा यातला अवघड भाग आहे.

मालक म्हणतात, एप्रिल २०२४ ते मे २०२५ असं चौदा महिन्यांचं भाडं बाकी आहे, दरमहा आठशे प्रमाणे अकरा हजार दोनशे रुपये. तुम्ही म्हणता, भाडं पाचशेच, आणि वाडा विकत घेतल्यावर नव्या मालकांनी ‘आता आठशे द्या’ असं तोंडी सांगून पाचशे घ्यायचं बंद केलं. तुमच्याकडे मार्च २०२४ पर्यंतच्या पाचशेच्या पावत्या आहेत. पाचशेने हिशोब केला तर सात हजार होतात. फरक चार हजार दोनशेचा.

आठशेचा आकडा कायद्यात बसणारा दिसत नाही. मालकाला वर्षाला चार टक्के भाडेवाढ करता येते. पाचशेवर ती होते वीस रुपये. पालिकेचा कर वाढला असेल तर त्याचा वाटाही मागता येतो, पण मग कराची बिलं दाखवायला हवीत. नोटिशीत ना वाढीचा हिशोब आहे ना बिलांचा उल्लेख. ‘उभयतांत ठरल्याप्रमाणे’ एवढंच लिहिलं आहे.

इथे बरेच भाडेकरू फसतात. मालकाने जास्त मागितलं म्हणजे नोटीसच खोटी, मग भरायचं कशाला, असं त्यांना वाटतं. जास्त रक्कम मागितल्याने नोटीस आपोआप बाद होते असं समजून बसू नका. वाद तीनशेचा असला तरी पाचशे द्यायचे आहेत हे तुम्हालाही मान्य आहेच, आणि ते चौदा महिने मालकाच्या हातात पडलेले नाहीत. ‘मी देत होते, ते घेत नव्हते’ हे खरं असलं तरी त्याचा एकही कागद आपल्याकडे नाही. शेजारच्या वहिनी साक्ष देतील म्हणालात, चांगलं आहे. पण ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलेली एक मनीऑर्डर तसल्या चार साक्षींना भारी पडते.

म्हणून दोन वाटा आहेत. एक, मान्य असलेले सात हजार लगेच भरायचे आणि आठशेचा आकडा उत्तरात नाकारायचा. दुसरी, नोटिशीतले सगळे अकरा हजार दोनशे भरायचे, पण सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहायचं की भाडं पाचशेच आहे, जादा रक्कम हक्क अबाधित ठेवून, हरकत नोंदवून भरत आहे आणि ती पुढच्या भाड्यात वळती करावी. पहिल्या वाटेत धोका असा की उद्या कोर्टाला ‘आठशे ठरले होते’ हे पटलं, तर आपली बाकी अर्धवट भरलेली ठरेल. दुसऱ्या वाटेत धोका असा की मालक म्हणतील, बघा, आठशे मान्य करून दिले. तो धोका पत्राच्या भाषेने बराच कमी होतो. साहेबांचा कल दुसऱ्या वाटेकडे आहे, आणि मला विचाराल तर माझाही. चार हजार दोनशेसाठी दोन खोल्यांचं घर पणाला लावू नये. पैसे तुमचे आहेत, तेव्हा निर्णय तुम्ही आणि मुलाने मिळून घ्या आणि सोमवारी सांगा.

दुसरी वाट घेतली तरी दर महिन्याला आठशे देत राहायचं नाही, नाहीतर खरंच तोच दर होऊन बसेल. त्यासाठी कोर्टाकडे प्रमाणित भाडं ठरवून मागण्याचा अर्ज करता येतो. कलम १५ ची नोटीस मिळालेल्या भाडेकरूने असा अर्ज केला की कोर्ट सुरुवातीलाच, अंतिम निकालाआधी, दरमहा किती रक्कम भरायची ते सांगतं. ती भरत गेलं की तुम्ही ‘तयार आणि राजी’ आहात याचा पुरावा कोर्टाच्याच पावत्यांमध्ये तयार होतो. हा अर्जही आपण नव्वद दिवसांच्या आतच करणार आहोत. त्याचं काम जुलैत.

पैसे रोख देऊ नका. मालक घरी येऊन ‘द्या पाचशे, मिटवून टाकू’ म्हणाले तरी नाही. थकबाकीसाठी बँकेतून मालकाच्या नावाचा डिमांड ड्राफ्ट काढा, त्याची झेरॉक्स ठेवा. आपण तो उत्तराच्या लखोट्यातच पोचपावतीसह पाठवू, म्हणजे रिकामा कागद मिळाला असं कोणाला म्हणता येणार नाही. जूनचं भाडं महिनाअखेरीस वेगळ्या मनीऑर्डरने, कूपनवर ‘जून २०२५ चे भाडे’ असं लिहून. पुढे दर महिन्याला तसंच. परत आली तर पावती आणि शेरा जपून ठेवायचा. ड्राफ्टचा लखोटा नाकारून परत आला तर तो उघडू नका, तसाच ऑफिसात आणा. ड्राफ्ट तीन महिनेच चालतो, त्यामुळे पुढे काय करायचं ते लगेच ठरवावं लागेल.

आता समजा, आपण काहीच केलं नाही आणि १० सप्टेंबर उलटला. तुम्ही तसं करणार नाही हे माहीत आहे, पण ओळखीच्या कोणीतरी तुम्हाला सांगितलंय की ‘कोर्टात गेल्यावर भरता येतात पैसे’, म्हणून लिहिते. ते अर्धं खरं आहे. दावा दाखल होऊन समन्स हातात पडलं की तिथून दुसरी नव्वद दिवसांची मुदत सुरू होते. तेवढ्यात सगळी बाकी, तिच्यावर सालिना पंधरा टक्के सरळव्याज, असं कोर्टात भरलं, पुढे दावा निकाली निघेपर्यंत दरमहा भाडं नियमित भरत राहिलं आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावर घर जात नाही. समन्स १० ऑक्टोबरला मिळालं असं धरा, तर ती मुदत ८ जानेवारी २०२६ ला संपेल. डिसेंबरअखेर एकवीस महिन्यांचे पाचशेने साडेदहा हजार होतील. पाचशे रुपयांवर पंधरा टक्क्यांनी महिन्याचं व्याज सव्वा सहा रुपये होतं. सगळ्यात जुन्या महिन्याचं व्याज वीस महिन्यांचं, त्यापुढच्याचं एकोणीस, असं उतरत उतरत सगळं मिळून तेराशे बारा रुपये पन्नास पैसे. म्हणजे एकूण अकरा हजार आठशे बारा रुपये पन्नास पैसे, वर दाव्याचा खर्च.

आकडा बघून वाटेल, एवढंच? फरक फार नाही खरा. अडचण ‘नियमित’ या शब्दात आहे. दावा चार-पाच वर्षं चालला तर तेवढी वर्षं दर महिन्याला भाडं भरत राहायचं. मधे कोणी आजारी पडलं, गावी गेलं, सहा महिन्यांचं एकदम भरलं, की समोरचे वकील पावत्यांच्या तारखा मांडून बसतात. अटी कायद्यातच घातलेल्या असल्याने कोर्टाला सवलत द्यायला फारशी जागा राहत नाही. थकबाकी खुशाल भरली, पण नंतर भाडं भरण्यात खंड पडला म्हणून गेलेली घरं या कामात दिसतात. पहिल्या नव्वद दिवसांत भरणाऱ्याला ही कसरत करावी लागत नाही, कारण थकबाकीचा मुद्दाच तिथे मिटलेला असतो.

नोटिशीतला दुसरा मुद्दा वेगळा आहे आणि पैशांनी मिटणारा नाही. मालक म्हणतात, मुलाचं लग्न ठरलंय, त्याला राहायला ही जागा हवी. कायद्यात याला वाजवी आणि प्रामाणिक गरज म्हणतात, ते कलम १६ मधलं कारण आहे. याला नव्वद दिवसांची अट नाही. यासाठी नोटीसच लागत नाही, ते उद्याही दावा लावू शकतात. पण सिद्ध त्यांना करावं लागेल. गरज खरी आहे, नुसती इच्छा नाही, हे दाखवावं लागेल. आणि ते पटलं तरी कोर्टाला पुढे बघावं लागतं की ताबा दिल्याने तुमची अडचण जास्त होते की न दिल्याने त्यांची. तुमचीच जास्त असेल तर ताबा मिळत नाही. काही वेळा कोर्ट जागेच्या काही भागापुरताच हुकूम देतं.

इथे तुमची माहिती लागेल. वाड्यात माडीवरच्या दोन खोल्या वर्षभर कुलूपबंद आहेत म्हणालात, त्या नक्की कोणाच्या ताब्यात आहेत? मालकाचा कोथरूडला फ्लॅट आहे, तो त्यांच्याच नावावर आहे की भाड्याचा? तुमच्या किंवा मुलाच्या नावावर पुण्यात दुसरी जागा आहे का? शेवटचा प्रश्न अवघड वाटला तरी खरं सांगा. मुलाच्या नावावर धायरीला वन बीएचके बुक केलेला असेल, तर तो उद्या उलटतपासणीत बाहेर येण्यापेक्षा आज साहेबांना कळलेला बरा. उत्तरात आपण हे सगळं मांडत बसणार नाही. गरज नाकारायची, दोन ओळींत कारण द्यायचं आणि थांबायचं. उत्तर लांबवलं की त्यातलंच एखादं वाक्य पुढे आपल्यावर उलटतं, कारण ते कोर्टात निशाणी पडून दाव्याच्या कागदात कायमचं बसतं.

उत्तर कधी द्यायचं? कायद्याने नोटिशीला उत्तर देण्याची सक्ती नाही आणि ठरलेली मुदतही नाही. तरी मुदतीत उत्तर देतो, कारण न दिल्यास पुढे मालकाचे वकील हमखास विचारतात, ‘नोटिशीतला मजकूर खोटा होता तर तेव्हाच का नाकारला नाही?’ आणि कोर्टही त्यावरून काय ते समजतं. नोटिशीतले पंधरा दिवस १२ पासून मोजले तर २७ जूनला, शुक्रवारी संपतात. सोमवारी २३ तारखेला तुम्ही येऊन मसुदा वाचायचा आणि सही करायची, मंगळवारी ड्राफ्ट, बुधवारी २५ ला पोस्ट. मसुदा जवळपास तयार आहे. त्यात आपण भाडेवहिवाट आणि पाचशे भाडं ठासून सांगितलंय, आठशेचा करार नाकारलाय, ड्राफ्टचा नंबर भरायला जागा सोडली आहे, खरेदीखताची आणि इंडेक्स टूची प्रत मागितली आहे. कागद नवे मालक खरंच मालक झालेत एवढं दाखवतील म्हणजे झालं. त्यावर अडून भाडं थांबवायचं नाही.

दावा लागलाच तर बेलीफ समन्स घेऊन येईल. ते घ्यायचं, तारीख लिहून ठेवायची आणि त्याच दिवशी ऑफिसला कळवायचं. तिथून साधारण तीस दिवसांत लेखी कैफियत द्यावी लागते. निकाल विरुद्ध गेला तर जिल्हा न्यायालयात अपील करायला तीस दिवस असतात. ते पुढचं पुढे.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवते, आणि माझ्या मते या सगळ्या पत्रात तीच सगळ्यात जपायची. मालकांनी तुमच्या मुलाला फोनवर म्हटलंय की ‘कोर्टबिर्ट कशाला, अकरा महिन्यांचा करार करू, भाडंही कमी ठेवू’. ऐकायला गोड आहे. पण तो करार लीव्ह अँड लायसन्सचा असणार. त्यावर सही केली की आपण भाडेकरू नाही, परवानगीने राहणारे आहोत, असं तुम्हीच लिहून दिल्यासारखं होईल, आणि सासऱ्यांपासून चालत आलेली भाडेवहिवाट आपण आपल्या हाताने मोडली असा अर्थ निघेल. मग ताबा मागायला ना थकबाकी लागते ना गरज, फक्त अकरा महिने संपावे लागतात. तेव्हा मालकाने आणलेल्या कुठल्याही कागदावर सही नाही. पावतीवर नाही, ‘फक्त पत्त्याच्या पुराव्यासाठी’ म्हणून आणलेल्या कागदावर नाही, मुलाची नाही, सुनबाईंची नाही. फोनवर आणि व्हॉट्सॲपवरही ‘एखाद-दोन वर्षांत सोडू’ असलं काही बोलायचं नाही. ते मेसेज छापून कोर्टात येतात. बोलायचं झालं तर ‘आमच्या वकिलांशी बोला’ एवढंच.

सोमवारी येताना जुन्या भाडेपावत्या, मिळतील तेवढ्या मागच्या काळातल्या, काकांचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, त्या पत्त्यावरचं जुनं लाइट बिल आणि नोटिशीचा मूळ लखोटा आणा. लखोटा फाडून टाकला नसेल अशी आशा करते, त्यावर पोस्टाचा शिक्का आहे आणि १२ तारीख त्यावरूनच सिद्ध होईल. सुनबाईंनाही घेऊन या. सही त्यांनी केली आहे, तारीख त्यांच्या तोंडून लिहून घ्यायची आहे. साडेअकरानंतर कधीही या, साहेब दुपारी कोर्टात असतात पण मी आहे.

आपली,
साहेबांच्या ऑफिसातली पॅरालीगल

ता. क. तुमच्या भाच्याला वाकडला असलीच नोटीस आली आहे म्हणालात आणि हेच पत्र त्याला दाखवू का असं विचारलंत. कृपया दाखवू नका. त्याचा अकरा महिन्यांचा नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार आहे आणि तो एप्रिलमध्ये संपला आहे. त्याला कलम १५ चे नव्वद दिवस लागू नाहीत. त्याचं प्रकरण कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्यापुढे जाईल, समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत बचावाची परवानगी मागणारा अर्ज केला नाही तर मालकाचं म्हणणं मान्य धरून हुकूम होईल, आणि करार संपल्यानंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट शुल्क द्यावं लागू शकतं. त्याला म्हणावं, करार घेऊन स्वतः ये, आणि तुमच्या सप्टेंबरची वाट बघू नको.